तिसऱ्या सामन्यात पोटरीत येणारा गोळा

प्रश्न : सर, मी ५५ किलो वजनगटात कबड्डी खेळतो, रेडर आहे. दिवसाच्या तिसऱ्या सामन्यात पोटरीत गोळा येते अन् मी बाहेर बसतो. पाणी भरपूर पितो, केळी खातो, लिंबूपाणी घेतो. पोरं स्प्रे मारतात, दोरी बांधतात. तरी येतेच. नेमकं काय कमी पडून राह्यलं?

उत्तर :

तुझ्या पोटरीत सगळ्यात जास्त कमी पडते ती तिसरा सामना झेपण्याची ताकद. पाणी आणि मीठ त्याच्यानंतर येतात. गावोगावच्या स्पर्धांमध्ये मैदानाच्या कडेला फिजिओथेरपिस्ट म्हणून बसतो तेव्हा बहुतेक गोळे मला एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी दिसतात : पोटरीत, रात्री उशिरा, शेवटच्या सामन्यात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, प्रेक्षक शेकोटीला बसलेले असतानाही येतात. सगळा दोष पाण्याचा असता तर असं झालं नसतं. अंगातलं मीठ कमी होते तेव्हा ते सगळ्या रक्तात कमी होते. मग गोळा दंडात का येत नाही, मानेत का येत नाही? दिवसभर ज्या स्नायूने सगळ्यात जास्त मार खाल्ला, नेमका तोच का धरतो?

हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या मार्टिन श्वेलनस यांच्यासारख्या क्रीडा-डॉक्टरांनी धरून ठेवला. लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर त्यांनी गोळा आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं. सोडियम, पोटॅशियम, अंगातलं पाणी, कशातच दोघांमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. अशाच तपासण्यांमध्ये फरक दिसला तो दुसरीकडे : ज्यांना आधी कधी गोळा आला होता आणि जे सरावापेक्षा जास्त वेगाने धावले, त्यांना गोळा जास्त आला. श्वेलनस यांनी १९९७ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण आज सगळ्यात जास्त मानलं जाते. तुझ्या खेळाला तर ते फारच लागू पडते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. ते मज्जारज्जूला सतत ‘आवळ, आवळ’ असा निरोप पाठवतात. स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्या दोरीसारख्या भागात, म्हणजे स्नायुबंधात, दुसरी यंत्रणा असते. तिच्यावर ओढ पडली की ती ‘आता पुरे, सोड’ म्हणते. ताज्या स्नायूत हे दोन निरोप एकमेकांना तोलून धरतात. स्नायू थकला की पहिला निरोप वाढतो आणि दुसरा क्षीण होतो. मज्जारज्जू मग स्नायूला आवळायला सांगत राहते आणि सोडायला कोणी सांगतच नाही. तो कडक दगड होतो, तोच आपला गोळा.

यात एक गोष्ट रेडरच्या मुळावर येते. ‘सोड’ म्हणणारी यंत्रणा ओढीवर चालते आणि स्नायू आधीच आखडलेला असेल तर स्नायुबंध सैल असतो, त्यावर ओढच पडत नाही. आता चढाईला तू कसा उभा राहतो ते बघ. गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यावर. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि टाचेला संपतो. म्हणजे गुडघा वाकला की तो एका टोकाने आखडतो आणि टाच उचलली की दुसऱ्या टोकाने. अशा दोन्हीकडून आखडलेल्या स्नायूला तू दर चढाईत धक्का मारायला लावतो, मागे वळायला लावतो, बोनससाठी एका पायावर तोलायला लावतो. गोळा येण्यासाठी याहून सोयीची स्थिती नाही.

म्हणूनच गोळा आल्यावर एकच उपाय खात्रीने आणि लगेच काम करते : त्या स्नायूला हळूहळू ताणणं. ताणलं की स्नायुबंधावर ओढ पडते आणि ‘सोड’ हा निरोप परत सुरू होतो. बसून घे किंवा आडवा हो. गुडघा पूर्ण सरळ ठेव, कारण वाकलेल्या गुडघ्याने हा स्नायू ताणलाच जात नाही. ही चूक मी मैदानावर सारखी पाहतो. सोबत्याने एका तळहातात टाच धरावी, त्याच हाताचा कोपराच्या पुढचा भाग तुझ्या तळपायाला टेकवावा आणि पाऊल नडगीकडे सावकाश ढकलावं. त्याच वेळी तूही स्वतःच्या ताकदीने बोटं नडगीकडे ओढ. पुढचा स्नायू आवळला की शरीर मागच्याला आपोआप ढिलं करते. सोबती नसेल तर दुपट्टा चवड्याखालून घालून दोन्ही हातांनी ओढ. २० ते ३० सेकंद तसंच धर, हळूच सोड, परत आवळायला लागलं तर परत धर. बहुतेक गोळे दोन-तीन मिनिटांत सुटतात. हिसका मात्र कोणालाही मारू देऊ नको. आवळलेल्या स्नायूला झटका दिला तर तो फाटू शकते आणि मग दोन-तीन मिनिटांचं काम महिना-दीड महिन्यावर जाते.

आधीच फाटला असेल तर ताणायचंच नाही, त्यामुळे फरक ओळखता आला पाहिजे. गोळ्यात पोटरी हाताला टणक लागते, कधी आत वळवळताना दिसते आणि ताणलं की बरं वाटते. स्नायू फाटतो तेव्हा मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटते, कधी ‘टक’ आवाज येते. दुखणं बोट ठेवता येईल अशा एका जागी असते, ताणलं की वाढते आणि चवड्यावर उभं राहवत नाही. टाचेच्या वरची शीर तुटल्याची शंका असेल तर खेळाडूला पालथं झोपवून पोटरी दाबून पाहावी. पाऊल जरा तरी हललं पाहिजे. हललं नाही तर तसाच दवाखान्यात न्यावा.

आता घरगुती उपायांकडे येऊ. त्यांना एकजात वेडगळ म्हणणं मला पटत नाही, कारण त्यातले काही खरंच गुण देतात, फक्त लोक समजतात त्या कारणाने नाही. आजी सांगते की गार जमिनीवर पाय ठेवून उभा राहा. गोळा सुटतो, पण गारव्याने नाही. टाच टेकून सरळ उभं राहिलं की पोटरी ताणली जाते. पायाचा अंगठा वर ओढायचा उपायही तसाच, अंगठ्याबरोबर पाऊल वर येते. दोरी किंवा रुमाल करकचून बांधण्याने असं काहीच होत नाही, उलट थकलेल्या पायाचा रक्तपुरवठा अडते. ती दोरी आजपासून बंद कर. स्प्रे आणि बाम कातडीला गार किंवा गरम करतात. आत स्नायूपर्यंत त्यांचा फारसा असर पोचत नाही. वेदना थोडी बधिर झाली की पोरं लगेच चढाईला जातात, तिथे ते नुकसान करतात. तेलाने हलकं चोळणं चांगलं, पण गोळा सुटल्यावर आणि हलक्या हाताने.

केळ्यावर लोकांचा फार विश्वास आहे. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते हे खरं, पण घामातून मुख्यतः सोडियम जाते, पोटॅशियम थोडंच. शिवाय खाल्लेल्या केळ्यातलं पोटॅशियम रक्तात दिसायला तासभर लागते आणि तेव्हाही वाढ किरकोळ असते. सामन्यांच्या मधे पोटाला हलकं खाणं म्हणून केळं उत्तम आहे, जरूर खा. गोळ्याचं औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नको. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही तेच. खेळाडूंच्या गोळ्यावर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, त्यावर पैसे घालवू नको.

लोणच्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी आणि मोठी मजेशीर आहे. अमेरिकेत २०१० साली केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी विजेच्या हलक्या झटक्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला आणि एकदा साधं पाणी, एकदा काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी दिलं. मात्रा वजनाच्या दर किलोला एक मिलिलिटर, म्हणजे तुझ्यासाठी अर्ध्या कपाहून कमी. लोणच्याच्या पाण्याने गोळा साधारण दीड मिनिटात सुटला, साध्या पाण्यापेक्षा पाऊण मिनिट लवकर. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोचूच शकत नाही, आणि रक्ततपासणीतही काही बदल दिसला नाही. त्यांचा अंदाज असा की व्हिनेगरची तीव्र चव घशातल्या मज्जातंतूंना चेतवते आणि तिथून निघालेला प्रतिक्षेप मज्जारज्जूचा तो ‘आवळ’ निरोप दाबतो. हा प्रयोग व्हिनेगरच्या पाण्यावर झाला होता. आपलं कैरीचं लोणचं तेलातलं असते, त्याच्यावर हा निष्कर्ष चिकटवता येत नाही. लिंबाच्या लोणच्याचा आंबट खार घोटभर घेतला तर तोटा नाही, पण ताणणं सोडून नाही. चिमूटभर मीठ तोंडात टाकणं ठीक, मूठभर मीठ फाकणं वाईट. पोटात पाणी ओढलं जाऊन मळमळ आणि उलटी होते, मग आहे ते पाणीही जाते.

इथे कोणी विचारेल, मग मीठ-पाण्याचा काहीच संबंध नाही का? आहे. १९२०च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये मजूर तासन्‌तास घाम गाळत आणि नुसतं पाणी पीत, त्यांना हातापायांत आणि पोटात भयंकर गोळे येत. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर ते कमी झाले. आपल्याकडे मे महिन्यात भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना किंवा दुपारी वखरणी करणाऱ्या माणसाला असे गोळे येऊ शकतात. ओळख अशी की ते एका पोटरीत थांबत नाहीत, फिरत राहतात, पोटातही येतात आणि कपड्यांवर घामाचे पांढरे डाग पडलेले असतात. या माणसाला मीठ-साखर-पाणी हवंच. ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठात २०१९ मध्ये केलेला प्रयोग तर तुझ्या ‘पाणी भरपूर पितो’ या वाक्यालाच लागू होतो. उन्हाळ्यासारख्या गरमीत धावून घाम गाळलेल्या पुरुषांनी साधं पाणी प्यायल्यावर त्यांच्या पोटरीत गोळा आणणं आणखी सोपं झालं. ओआरएससारखं पाणी प्यायल्यावर ते अवघड झालं. घामातून मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होते.

म्हणजे थकलेला स्नायू हे मूळ, आणि मिठाची तूट हा त्यावरचा भार. तुझ्या वजनगटात हे दोन्ही कसे एकत्र येतात ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका रेडरच्या उदाहरणाने सांगतो. नाव सांगत नाही.

वीस वर्षांचा पोरगा, एरवी वजन ५७ किलो, खेळायचा ५५ मध्ये. आदल्या संध्याकाळपासून जेवण बंद, पाणी बंद, सकाळी स्वेटर घालून धावणं. दुपारी काट्यावर बरोबर ५५. म्हणजे पहिली चढाई व्हायच्या आधीच त्याने अंगातलं साडेतीन टक्के वजन, मुख्यतः पाणी, घालवलेलं होतं. खेळात दोन टक्क्यांपुढे गेलं की दमसास घसरायला लागते. वजन झाल्याबरोबर दोन कचोऱ्या आणि लिटरभर साधं पाणी. चार वाजता पहिला सामना, नऊला दुसरा, मध्यरात्रीनंतर तिसरा. सराव मात्र शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर, त्यातला खरा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. स्पर्धेत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, असे तीन सामने. शिवाय आदल्या दिवशी तो दिवसभर कापूस वेचत होता.

दुसऱ्या सामन्यानंतर तो बसला असताना मी त्याची डावी पोटरी पाहिली. कातडीखाली बारीक फडफड चालू होती. ही फडफड म्हणजे धोक्याची घंटा. ती दिसल्यावर पुढचा अर्धा तास हलकं ताणणं, मिठाचं पाणी आणि शक्य तर पुढच्या सामन्यात कमी चढाया, एवढं केलं असतं तर चाललं असतं. त्याचं उलट झालं. बचावात उभा असतानाही तो चवड्यांवर नाचत होता, पोटरीला क्षणभर उसंत नव्हती. तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या डावात, मागे वळताना डाव्या पायाने धक्का मारला आणि तो तिथेच पडला. गोळा त्याच डाव्या पोटरीत आला, दुसरीकडे कुठेच नाही.

त्याच्याबाबत आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, काट्यासाठी पाणी तोडणं बंद. महिनाभरात तळकट आणि गोड कमी करून वजन साडेपंचावन्नवर आणलं आणि शेवटचा अर्धा किलो एका हलक्या रात्रीच्या जेवणाने गेला. ज्याचं वजन असं उतरत नाही त्याने वरच्या गटात खेळावं, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी, वजन झाल्यावर काय पोटात जाते. कचोरीऐवजी पोळी, वरण-भात, जरा खारट. सोबत लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात लिंबू पिळलं तरी चालते. हे एकदम ढोसायचं नाही, दोन तासांत घोट घोट घ्यायचं. तुझं लिंबूपाणी वाईट नाही, पण त्यात मीठ चवीपुरतंच पडत असेल, आणि गोळा आल्यावर प्यायलं तर ते वेळेवर पोचत नाही. किती प्यायचं याचा अंदाज सरावातच घे. खेळायच्या आधी आणि नंतर घाम पुसून, कमी कपड्यांत वजन कर. जेवढे किलो कमी, तेवढे लिटर घाम. सरावात पाणी प्यायला असशील तर तेही त्यात मिळव.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ देणारी. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून उभा राहा, एका मोजणीत टाचा वर, तीन मोजण्यांत सावकाश पायरीच्या खाली. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी एकेका पायावर. काही फेरे गुडघा सरळ ठेवून आणि काही जरा वाकवून कर, कारण पोटरीत खोलवर दुसरा स्नायू आहे आणि तो वाकलेल्या गुडघ्यात जास्त काम करते. एका पायावर सलग २५ वेळा टाच पूर्ण उचलता आली पाहिजे, हा आमचा साधा मापदंड. त्या पोराचा उजवा पाय २३ पर्यंत गेला, डावा १४ वर थांबला. त्या आकड्यानेच त्याला उत्तर दिलं. शिवाय दर रविवारी दीड-दोन तासांच्या अंतराने दोन पूर्ण सराव सामने, पुढे तीन. थकलेल्या पायाने खेळण्याची सवय पायाला खेळूनच लागते. आणि बचावात उभं असताना टाच टेकवायला शिकवलं.

पुढच्या मोसमात गोळा पूर्ण गेला असं नाही. एका अंतिम सामन्यात फडफड सुरू झाली. त्याने कर्णधाराला खूण केली, बदली खेळाडू आत गेला, आणि ताणून पाच-सात मिनिटांनी हा परत आला. एकदा सुटलेला गोळा पुढचा बराच वेळ परत यायला टपलेला असते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या टाइम आऊटवर भागवू नको, बदली घेच. दुसऱ्या दिवशी पोटरी हुळहुळी राहील, ते चालते. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा पूर्ण अंग आखडलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेवटी एक गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक संघाने माहीत करून घ्यावी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. ज्याच्यात तो फक्त वाहक म्हणून असते तो एरवी धडधाकट खेळतो आणि त्याने खेळ सोडायची गरज नाही. पण उन्हात, पाणी तोडलेल्या अंगाने, एकदम जोर लावला तर क्वचित त्याच्या स्नायूंचा रक्तपुरवठा अडते आणि तो कोसळतो. लोक त्याला गोळा समजून पाय ओढत बसतात. गोळा आलेला खेळाडू ओरडतो, पाय धरून लोळतो आणि स्नायू दगडासारखा लागतो. हा मात्र शांत पडून राहतो, पायात जीवच नाही म्हणतो, दम लागलेला असते आणि स्नायू हाताला मऊ लागतो. बहुतेकदा हे खेळ सुरू झाल्यावर लवकरच होते. अशा पोराला परत उठवून खेळवायचं नाही. सावलीत आडवं करून अंग गार करायचं, १०८ ला फोन करायचा आणि गाडीतल्या डॉक्टरांना ‘सिकलसेल असू शकते’ हे तोंडाने सांगायचं. प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तू आणि तुझ्या संघातली सगळी पोरं, काट्यावर उभं राहायच्या आधी ती एकदा करून घ्या.